सोसायटीतली फेड सिबिलमध्ये दिसली पाहिजे

खानापूर तालुक्यातले एक शेतकरी म्हशी घेण्यासाठी तीन लाखांचे कर्ज मागायला एका बँकेच्या शाखेत आले होते आणि मी त्या वेळी माझ्या कामासाठी त्याच टेबलासमोर बसलो होतो. त्यांनी पिशवीतून दोन गोष्टी काढल्या. एक म्हणजे गावच्या पीकेपीएसचे, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या ज्या सहकारी संस्थेला आपण नुसतेच सोसायटी म्हणतो तिचे पासबुक, ज्यात चौदा वर्षांच्या पीककर्जाची उचल आणि फेड ओळीने लिहिलेली होती. दुसरा एका सौहार्द पतसंस्थेचा दाखला होता, की घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेले कर्ज मुदतीआधी चार महिने फिटले आहे. अधिकाऱ्याने दोन्ही कागद आदराने पाहिले, पॅन क्रमांक टाकून त्यांचा पतअहवाल उघडला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. पतगुणांकाच्या जागी -1 असा आकडा होता. "काका, तुमचं सिबिलच नाही," तो म्हणाला. काकांना वाटले की आपल्या नावावर काहीतरी चूक निघाली. मग त्यांनी विचारले, "मग हे चौदा वर्षांचं काय?"

त्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की ती चौदा वर्षे ज्या वहीत लिहिली आहेत ती वही त्या पडद्यापर्यंत पोचतच नाही. मी आयुष्याचा मोठा भाग कर्ज खात्यात काढला आहे आणि सावकाराने, मग तो बँक असो की वित्तसंस्था, गुणांकावर विसंबणे मला चूक वाटत नाही. चूक वाटते ती ही की ज्या भागात निम्म्या घरांची उसनवारी सोसायटी, पतसंस्था आणि पिग्मीच्या आधाराने चालते, तिथली चांगली फेड मोजणीबाहेर राहते आणि ते बदलण्यासाठी कोणी आग्रह धरत नाही. हा आग्रह का धरावा हे कळण्यासाठी गुणांक कशातून तयार होतो ते आधी नीट पाहावे लागते.

भारतात पतमाहिती गोळा करणाऱ्या चार कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. पहिली सर्वांत जुनी असल्यामुळे आपल्या बोलण्यात सगळ्यांच्याच गुणांकाला सिबिल हे नाव पडले आहे. 2005 च्या पतमाहिती कंपन्यांच्या कायद्याने प्रत्येक बँकेला आणि वित्तसंस्थेला आपल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांना देणे बंधनकारक आहे. पूर्वी ती महिन्यातून एकदा जात असे. जानेवारी 2025 पासून ती दर पंधरवड्याला जाऊ लागली. या माहितीवरून कंपनी 300 ते 900 यांच्या दरम्यानचा एक आकडा काढते. नेमके सूत्र कोणतीही कंपनी जाहीर करत नाही. फेडीला 35 टक्के आणि वापराला 30 टक्के महत्त्व असते अशी जी वाटणी मोबाईलवर फिरते ती अमेरिकेतल्या फायको नावाच्या गुणांकाची आहे, ती आपल्याकडे जशीच्या तशी लावू नये. मात्र फेडीचा इतिहास सर्वांत जड असतो आणि त्यापाठोपाठ मंजूर मर्यादेचा वापर येतो, एवढे आपल्याकडेही खरे आहे.

या दोन्ही गोष्टी मला एकाच माणसाच्या अहवालात फार स्पष्ट दिसल्या. ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर जॉबवर्क करतात. नवे सीएनसी यंत्र घेण्यासाठी दहा लाख हवे होते. गुणांक त्यांच्या अपेक्षेपेक्षा बराच खाली निघाला, तेव्हा ते अहवालाची प्रत घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले की मी आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही. ते खरे बोलत होते.

अहवालात प्रत्येक कर्जाखाली महिन्यांच्या चौकटी असतात, मागच्या छत्तीस महिन्यांच्या. प्रत्येक चौकटीत एक आकडा असतो: त्या महिन्याच्या नोंदीच्या दिवशी थकबाकीला किती दिवस झाले होते तो. वेळेवर भरले असेल तर 000. त्यांच्या स्वतःच्या सगळ्या खात्यांवर 000 ची सरळ रांग होती. पण शेवटी एक ट्रॅक्टरचे कर्ज होते, जे त्यांनी कधी घेतलेच नव्हते. बैलहोंगलकडच्या त्यांच्या चुलतभावाने एका वित्तसंस्थेकडून ते घेतले होते आणि हे जामीनदार होते. सहामाही हप्ता 5 जानेवारीला होता. चुलतभावाचा ऊस डिसेंबरात गाळपाला गेला होता, पण कारखान्याचे बिल मार्चमध्ये जमा झाले आणि त्याने 12 मार्चला हप्ता भरला. जानेवारीअखेरच्या चौकटीत 026, फेब्रुवारीअखेर 054, मार्चला पुन्हा 000. ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत कारखान्याने बिल द्यावे आणि उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज द्यावे असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण त्या आदेशाची चौकट अहवालात नसते. अहवालात उशीर दिसतो, उशिराचे कारण दिसत नाही. आणि जामीनदाराची सही म्हणजे साक्षीदाराची सही असे आपल्या गावांतून समजले जात असले, तरी कायद्याने ती कर्जदाराइतकीच बांधील असते, म्हणून तो उशीर जामीनदाराच्याही अहवालात उतरतो.

दिवसांच्या या मोजणीला सावकाराच्या घरात ठरलेले टप्पे आहेत. तीस दिवस ओलांडले की खाते पहिल्या सूचनेच्या गटातून दुसऱ्यात जाते, साठ ओलांडले की तिसऱ्यात, आणि नव्वद ओलांडले की ते अनुत्पादक ठरते आणि बँकेला त्यासाठी आपल्या नफ्यातून तरतूद बाजूला काढावी लागते. पीककर्जाला हंगामाची वेगळी सवलत आहे, अल्पमुदतीच्या पिकाला दोन हंगाम आणि उसासारख्या दीर्घमुदतीच्या पिकाला एक हंगाम थकल्यावर ते अनुत्पादक ठरते. पण ट्रॅक्टरच्या वित्तसंस्थेच्या हप्त्याला अशी सवलत गृहीत धरू नये. 054 म्हणजे नव्वदच्या रेषेपासून छत्तीस दिवस दूर. ते बुडीत नव्हते, पण बुडीताच्या वाटेवरचे दोन मुक्काम होऊन गेले होते, आणि गुणांकाला तेच दिसते.

दुसरा घाव वापराचा होता, आणि तो त्यांना अजिबात कळत नव्हता. त्यांच्याकडे एक लाख मर्यादेचे क्रेडिट कार्ड होते. इन्सर्ट, ड्रिल, कटिंग ऑईल अशी दरमहा सुमारे पंच्याऐंशी हजारांची खरेदी ते त्यावर करत आणि बिल आले की मुदतीआधी पूर्ण भरत. एक रुपयाही व्याज त्यांनी कधी दिले नव्हते. बिल 18 तारखेला निघत असे आणि भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची 7 असे. अडचण अशी की कार्ड देणारी बँक सामान्यतः बिल निघाल्या दिवशीची बाकी कळवते, भरल्यानंतरची नव्हे. त्यामुळे दर महिन्याला अहवालात एक लाखातले पंच्याऐंशी हजार वापरलेले दिसत होते. जो माणूस आपल्या मर्यादेच्या कडेला राहतो, त्याच्यावर एखादे अनपेक्षित आजारपण किंवा गिऱ्हाइकाचा बुडालेला धनादेश आला तर त्याला टेकायला जागा उरत नाही. जुन्या कर्जदारांच्या नोंदींमधून अशी माणसे अधिक वेळा थकल्याचे आढळते, म्हणून सूत्र त्यांना गुण कमी देते. वापर तीस टक्क्यांच्या आत ठेवा असे जे सांगितले जाते तो कायदा नाही, ढोबळ सवय आहे, पण चांगली सवय आहे.

मी त्यांना एवढेच सांगितले की खरेदी तीच ठेवा, फक्त 15 तारखेच्या आसपास साठ हजार आधीच भरून टाका. मग 18 तारखेला बिल पंचवीस हजारांचे निघेल आणि वापर पंचवीस टक्के दिसेल. त्यांचा खर्च तोच, त्यांची कमाई तीच, बिल भरण्याचा प्रामाणिकपणाही तोच. बदलली ती फोटो काढण्याची वेळ. वापराचा डाग असा फोटो बदलला की तुलनेने लवकर पुसला जातो. उशिराचा डाग छत्तीस चौकटींत चालत राहतो. आपल्याकडची माणसे या दोहोंत फरक करत नाहीत आणि कार्ड बंद करून टाकतात. त्याने उलट एकूण मर्यादा घटते आणि उरलेल्या कार्डावरचा वापर आणखी जास्त दिसू लागतो.

आता सावकाराच्या बाजूने पाहू, कारण इथे आपल्या भागात एक गैरसमज घट्ट आहे की सिबिल म्हणजे गरिबाला हाकलण्यासाठी शोधलेली युक्ती. जुन्या काळी शाखा व्यवस्थापक गावाला ओळखायचा, सोसायटीच्या चेअरमनकडे चौकशी करायचा आणि कर्ज द्यायचा. त्या पद्धतीत ज्याची ओळख होती त्याला कर्ज मिळे आणि ज्याची नव्हती त्याला मिळत नसे, मग तो कितीही नेमाने फेडणारा असो. शिवाय एका शाखेला दुसऱ्या शाखेतले काही दिसत नव्हते. निपाणीत घेतलेले कर्ज चिकोडीत लपवता येई आणि एकच माणूस चार ठिकाणी एकाच जमिनीच्या उताऱ्यावर उभा राहू शके. पतमाहितीची व्यवस्था ही आंधळी बाजू उघडी करते. तिचा गुणांक असे म्हणत नाही की हा माणूस चांगला आहे किंवा वाईट. तो असे म्हणतो की ज्यांच्या नोंदी याच्यासारख्या होत्या अशा पूर्वीच्या हजार कर्जदारांपैकी साधारण किती जण पुढच्या वर्षभरात नव्वद दिवसांहून अधिक थकले. एका माणसाविषयी ते भाकीत नसते. हजारांविषयीची ती सरासरी असते आणि बँक हजारांनाच कर्ज देते.

म्हणून व्याजाचा दरही त्यावर ठरतो. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांचे बदलत्या दराचे घरकर्ज आणि लघुउद्योगांचे कर्ज बाहेरच्या मापदंडाला, बहुधा रेपो दराला, जोडलेले असते आणि त्यावर बँक जोखमीचा भाग चढवते. उद्यमबागेतल्या त्या दहा लाखांचे पाच वर्षांचे कर्ज अकरा टक्क्यांनी मिळाले तर मासिक हप्ता सुमारे 21,742 रुपये येतो आणि तेरा टक्क्यांनी मिळाले तर 22,753. महिन्याला हजार रुपये, पाच वर्षांत साठ हजारांहून थोडे अधिक. हे दर मी उदाहरणादाखल घेतले आहेत, पण दोन टक्क्यांचे वजन यावरून कळावे. एका चुलतभावासाठी केलेली सही आणि बिलाच्या तारखेचे अज्ञान यांची ती किंमत आहे, आणि ती वसूल करणे बँकेच्या दृष्टीने अन्याय नाही, कारण तिच्याकडे तेवढीच माहिती आहे.

इथेच खानापूरच्या काकांकडे परत यावे लागते. ज्याची नोंद वाईट आहे त्याला दर जास्त, हे मी मान्य करतो. पण ज्याची नोंद चांगली आहे आणि ती फक्त चुकीच्या वहीत आहे, त्याला नाही म्हणणे हे जोखमीचे मोजमाप नव्हे. मोजमाप करायचे राहून गेले आहे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2025 च्या निर्देशांतही पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज निव्वळ पतइतिहास नाही म्हणून फेटाळू नये असे म्हटले आहे. त्या दिवशी शाखेत ते वाक्य कोणाला आठवले नाही. अधिकाऱ्याला मी दोष देत नाही, कारण त्याच्या संगणकातल्या चाळणीला -1 आणि खराब गुणांक सारखेच लागतात आणि वेगळा विचार करायचा झाला तर वरच्या कार्यालयाकडे टिपण पाठवावे लागते, ज्याची जबाबदारी त्याच्या सहीवर येते.

सोसायटीची नोंद वर का जात नाही याचे कारण तिच्या रचनेत आहे. पीककर्जाचा पैसा जिल्हा मध्यवर्ती बँकेतून सोसायटीला मिळतो आणि सोसायटी तो सभासदाला देते. मध्यवर्ती बँकेच्या पुस्तकात कर्जदार म्हणून सोसायटी असते, शेतकरी नसतो. कायद्याच्या व्याख्येत बँका, सहकारी बँका, वित्तसंस्था आणि घरकर्ज कंपन्या येतात. गावची सोसायटी किंवा सौहार्द पतसंस्था तिथे आपोआप येत नाही. मात्र आणखी कोणत्या संस्थांना त्यात घ्यायचे ते ठरवण्याचा अधिकार त्याच कायद्याने रिझर्व्ह बँकेला दिला आहे. म्हणजे दार आहे, ते उघडायचे आहे. पूर्वी म्हणता येत होते की हाताने लिहिलेल्या खतावणीतून पंधरवड्याला माहिती कशी पाठवणार. पण 2022 मध्ये केंद्र सरकारने देशातल्या 63 हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी 2,516 कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि ते काम जसे पुरे होत जाईल तशी ही सबब टिकणार नाही.

या मागणीवर माझ्याच ओळखीच्या सोसायटी सचिवांनी एक गंभीर आक्षेप घेतला. ते म्हणाले, "साहेब, चांगली फेड वर जाईल तशी वाईटही जाईल. पाऊस गेला, बिल थांबलं, की आमच्या अर्ध्या सभासदांचं सिबिल एका वर्षात बसेल." ही भीती खोटी नाही. पण कर्नाटकात शून्य टक्के व्याजाचे पीककर्ज, ज्याची मर्यादा 2023 मध्ये तीन लाखांवरून पाच लाख झाली, ते मुदतीत फेडणाऱ्यालाच मिळते. त्यामुळे मुदत पाळण्याची सवय आपल्या सभासदांना आधीपासून आहे, आणि ती शाबूत ठेवण्यासाठी लोक कानातले गहाण ठेवून मार्चअखेर पैसे भरतात हे सचिवांनाही ठाऊक आहे. मी एक अट मात्र घालीन. नोंद पाठवायची तर ती पीककर्जाच्या हंगामी हिशेबाने पाठवली पाहिजे, मासिक हप्त्याच्या मापाने नव्हे, आणि सरकारने दुष्काळ जाहीर करून कर्जाची पुनर्रचना केली असेल तर ते कारण त्या नोंदीसोबत स्पष्ट दिसले पाहिजे. आणखी एक अडचण सचिव बोलले नाहीत, ती मी बोलतो. काही ठिकाणी जुने-नवे करताना, म्हणजे जुने कर्ज फेडून लगेच नवे उचलताना, पैसा प्रत्यक्ष येत-जात नाही, फक्त कागद फिरतो. अशी फेड खऱ्या फेडीबरोबर मोजली गेली तर गुणांकच फसवा होईल, म्हणून पैसा खात्यातून फिरल्याची खूण त्या नोंदीत असली पाहिजे.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे, तो नावाचा. आपल्यातल्या कितीतरी लोकांचे नाव शाळेच्या दाखल्यावर मराठीत, रेशनकार्डावर आणि उताऱ्यावर कन्नडमध्ये आणि पॅनवर इंग्रजीत असते. कन्नडमधून इंग्रजीत जाताना आडनावाचे एखादे अक्षर बदलते, वडिलांचे नाव मधून निघून शेवटी जाऊन बसते, पत्त्यात कुठे बेळगाव असते आणि 2014 नंतरच्या कागदांवर बेळगावी. पतमाहिती कंपनी माणूस ओळखते ती पॅन, जन्मतारीख, नाव, पत्ता आणि फोन यांची जुळणी करून. पॅन नसलेल्या जुन्या छोट्या कर्जाची जुळणी चुकली की एका माणसाचे दोन अहवाल होतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याची थकबाकी याच्या खात्यावर येते. ओळखायचे कसे? अहवालात स्वतः न घेतलेले खाते, न राहिलेला पत्ता किंवा अनोळखी फोन दिसला की तीच खूण. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. तक्रार केल्यावर तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर उशिराच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला मिळायची आहे. सोसायट्यांच्या नोंदी वर जाऊ लागल्या तर ही जुळणी पॅन किंवा दुसऱ्या पक्क्या क्रमांकाशिवाय करूच नये, नाहीतर आज जी चूक शंभरात एखाद्याच्या बाबतीत होते ती गावोगाव होईल.

म्हणून माझे म्हणणे दोन ठिकाणी मांडले गेले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने संगणकीकृत सोसायट्या आणि ठरावीक आकारापुढच्या सौहार्द पतसंस्था यांना माहिती देणाऱ्या संस्थांत घ्यावे. आणि ते होईपर्यंत बँकांनी -1 आलेल्या अर्जासोबत सोसायटीचा खातेउतारा सचिवाच्या सहीनिशी मागवून तो पुरावा म्हणून वाचावा आणि अर्ज नाकारायचा असेल तर त्या उताऱ्यात काय कमी पडले ते लिहून द्यावे. सोसायटीच्या वार्षिक सभेत लाभांशावर तासभर चर्चा होते. तिथे सभासदांनी या मागणीचा ठराव घातला तर तो सहकार खात्यापर्यंत लिखित स्वरूपात जाईल.

खानापूरच्या काकांना शेवटी कर्ज मिळाले, पण ते एका सूक्ष्म वित्तसंस्थेकडून, जवळपास दुप्पट दराने, दर पंधरवड्याच्या हप्त्यावर. त्या कर्जाची नोंद मात्र पतमाहिती कंपनीकडे जाते. सहा-आठ महिन्यांनी त्यांचा गुणांक तयार होईल, आणि चौदा वर्षांच्या पासबुकातली एकही ओळ त्यात नसेल.